तीस दिवसांची परवानगी आणि सात महिने चाललेली जाहिरात : हँडलवरून चालणाऱ्या जाहिरातीची मुदत कशी ठरवावी?

कृष्णाकाठची | १४ जून, रात्री ९.१०

नमस्कार. मी सांगलीत राहते आणि गेली चार वर्षे इन्स्टाग्रामवर घरगुती स्वयंपाकाचे रील्स करते. फॉलोअर्स सुमारे अठ्ठेचाळीस हजार आहेत, म्हणजे मी फार मोठी नाही आणि अगदी नवखीही नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये एका मिक्सर बनवणाऱ्या कंपनीसाठी, तिच्या एजन्सीमार्फत, मी एक रील केले. मानधन २४,००० रुपये ठरले. करारपत्र असे काही झाले नाही, सगळे व्हॉट्सॲपवरच बोलणे झाले. त्यात एजन्सीच्या मुलीने "रील प्लस ३० दिवस बूस्टिंग", म्हणजे रील आणि पैसे लावून ३० दिवस त्याची जाहिरात, असे लिहिले होते आणि मी "चालेल" असे उत्तर दिले होते. १० नोव्हेंबरला रील टाकले. ते बूस्ट होत नव्हते, कारण मी त्याला इन्स्टाग्रामच्या संग्रहातले एक लोकप्रिय गाणे लावले होते. त्यावर "बूस्टसाठी गाण्याशिवायची फाइल हवी आहे, ती पाठवा" असा निरोप आला. मी मूळ फाइल पाठवली, रील गाण्याशिवाय पुन्हा टाकले आणि ते माझ्या नावाने जाहिरात म्हणून चालवण्याची परवानगी देणारा ॲड कोडही १२ तारखेला दिला.

परवा माझी कोल्हापूरची मावसबहीण म्हणाली, "ताई, तुझी ती मिक्सरची जाहिरात मला रोज दिसते." आज १४ जून आहे. म्हणजे ३० दिवसांचे सात महिने झाले. मध्यंतरी दुसऱ्या एका मिक्सर कंपनीने माझ्याशी चाललेली बोलणी अचानक थांबवली होती. तेव्हा मला कारण कळले नव्हते, आता थोडे थोडे कळू लागले आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. या जास्तीच्या महिन्यांचे पैसे मला मागता येतील का, आणि पुढच्या वेळी मुदत नेमकी कोणत्या शब्दांत ठरवावी?

अर्धाशेर | १४ जून, रात्री ९.३२

यात विचारण्यासारखे काय आहे? रील उघडा, तीन ठिपके दाबा, ॲड कोडची परवानगी काढून घ्या. तुमच्या नावाने चालणारी जाहिरात थांबेल आणि विषय संपेल.

पाटावरवंटा | १४ जून, रात्री ९.४०

सात महिने न थांबता चालला म्हणजे मिक्सर दणकट आहे हे तरी सिद्ध झाले.

मांडवीकर | १४ जून, रात्री ९.५८

माझ्यावरही असाच प्रसंग आला होता. मी फोंड्याजवळ होमस्टे चालवतो. आमच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्याने केलेला व्हिडिओ मी माझ्या पानावर लावला आणि त्याने नंतर तो काढायला लावला. त्याचे नाव मी दिले होते, तरीही. तेव्हा माझा प्रश्न असा आहे की नाव दिल्यावर व्हिडिओ वापरायला काय हरकत असावी?

घाटमाथा | १४ जून, रात्री १०.२०

मांडवीकर, तुमचा प्रश्न या धाग्याच्या उलट टोकाचा आहे. तुम्ही तेथे कंपनीच्या जागी आहात. नाव देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे, त्यामुळे पाहुण्याचे बरोबर होते. पाहुण्याला आधीच "हा व्हिडिओ आमच्या पानावर वर्षभर ठेवू का?" असे विचारून त्याचे लेखी उत्तर जपून ठेवा.

कृष्णाकाठची ताई, कोड काढून घेण्यापूर्वी एक दिवस थांबा. आज कोड काढलात तर जाहिरात थांबेल हे खरे, पण ती चालू होती याचा पुरावाही तिच्याबरोबर जाईल. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची, म्हणजे मेटाची `Ad Library` ही जाहिरातींची यादी सर्वांसाठी खुली आहे. तेथे भारत निवडा, कंपनीचे नाव टाका आणि तिच्या चालू जाहिराती पाहा. राजकारणाशी संबंध नसलेल्या जाहिराती आपल्याकडे तेथे फक्त चालू असेपर्यंत दिसतात, बंद झाल्या की नाहीशा होतात. प्रत्येक जाहिरातीवर `Started running on` असे लिहून तारीख दिलेली असते. त्या तारखेसह आणि प्रत्येक जाहिरातीला असलेल्या क्रमांकासह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

फक्त तुमच्या हँडलच्या जाहिराती पाहून थांबू नका. कंपनीच्या स्वतःच्या नावाने चालणाऱ्या जाहिरातींतही तुमचा चेहरा किंवा आवाज आहे का, ते पाहा. तुम्ही मूळ फाइल दिली आहे, म्हणून हे सांगतो.

कृष्णाकाठची | १४ जून, रात्री ११.४५

घाटमाथा, तुमचा अंदाज खरा ठरला. मला तीन गोष्टी सापडल्या.

पहिली जाहिरात माझ्या आणि कंपनीच्या जोडनावाने आहे. तिची सुरुवात १५ नोव्हेंबरची असून ती अजून चालू आहे. दुसरी केवळ कंपनीच्या नावाने आहे. माझ्या रीलचे पंधरा सेकंदांचे तुकडे जोडून त्यावर त्यांचे संगीत लावले आहे, आणि तिची सुरुवात २० फेब्रुवारीची आहे. तिसरी गोष्ट मेटावर नाहीच. एका ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावर त्या मिक्सरच्या पानावर छायाचित्रांच्या शेजारी माझा चटणी वाटतानाचा व्हिडिओ लावलेला आहे.

अर्धाशेर, कोड काढून घेतल्यावर यातली फक्त पहिली थांबेल ना?

अर्धाशेर | १५ जून, सकाळी ७.१५

होय, फक्त पहिली. फाइल दिल्याचे मी नीट वाचले नव्हते. पण मुदत लिहिलेली नाही ना? मग कायद्याने आपोआप पाच वर्षे धरतात असे मी वाचले आहे. म्हणजे सात महिन्यांची तक्रार करण्यात अर्थ दिसत नाही.

बाररूम | १५ जून, सकाळी ९.०५

अर्धाशेर यांनी वाचलेले कलम खरे आहे, पण ते येथे सरसकट लावता येत नाही. मी वकिली करतो, तरी येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे. कागद न पाहता सल्ला देणे बरे नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ असे सांगते की हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. हेच कलम ३० अ मार्फत योग्य त्या फेरफारांसह परवान्यालाही लागू होते. परंतु ही पाच वर्षे मुदतीबाबत काहीच लिहिलेले नसेल तेव्हाची आहेत. ताईंच्या बाबतीत जोडनावाच्या जाहिरातीसाठी "३० दिवस" असे शब्द आहेत, त्यामुळे तेथे पाच वर्षांचा प्रश्नच येत नाही. व्हॉट्सॲपवर सही नसते ही शंका कोणी काढेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर परवाना लेखी असणे पुरते, त्यावर सही असण्याची अट उरलेली नाही.

फाइलचे प्रकरण अधिक नाजूक आहे, आणि तेथे पाच वर्षांहूनही अडचणीची तरतूद आधी उभी राहते. कलम १७ च्या खंड (ख) प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र किंवा चित्रपट तयार केला आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक सांगणारा ठरतो. कायद्यातली चित्रपटाची व्याख्या इतकी रुंद आहे की रीलही तिच्यात बसते. म्हणजे काहीही न लिहिता पैसे घेऊन केलेले रील हे कंपनीचेच आहे, असा युक्तिवाद कंपनी करू शकते. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की करारात पहिले वाक्य मुदतीचे नको, मालकीचे हवे : "या कामाचा कॉपीराइट निर्मात्याकडे राहील आणि कंपनीला पुढील मर्यादांत वापराचा परवाना दिला जात आहे." मालकीच कंपनीची ठरली, तर परवान्याच्या मुदतीला फारसा अर्थ राहत नाही.

घाटमाथा | १५ जून, सकाळी ९.४०

बाररूम, येथे मला शंका आहे. माझ्या बाबतीत कंपनी फक्त तंबू पाठवते. कुठे जायचे, काय बोलायचे, कसे चित्रित करायचे हे माझे मी ठरवतो. हे "कंपनीच्या सांगण्यावरून" कसे ठरेल? आणि नुसता तंबू मिळाला, पैसे मिळाले नाहीत, तर तो मोबदला धरायचा का?

बाररूम | १५ जून, सकाळी १०.१०

वस्तूही मोबदला होऊ शकते. "सांगण्यावरून" याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल. तपशीलवार ब्रीफ, मसुद्याला मंजुरी, दोनदा दुरुस्त्या असे सगळे झाले असेल तर कंपनीचे पारडे जड होईल. तुमच्यासारख्या बाबतीत मी दुसरी बाजू आनंदाने मांडेन, पण निकालाची खात्री देणार नाही. एक ओळ लिहून हा वाद टाळता येत असताना तो न्यायालयात नेण्याची हौस कशाला?

ताईंच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. एजन्सीने फाइल मागताना "बूस्टसाठी" असे लिहिले होते. फाइल कशासाठी दिली हे त्या शब्दातून दिसते. तो निरोप हरवू देऊ नका. आणखी एक, हँडल म्हणजे कॉपीराइट नव्हे. चित्रफीत कंपनीची ठरली तरी तुमच्या नावाखाली जाहिरात चालवण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. ती परवानगी वेगळी असते आणि ३० दिवसांचे शब्द नेमके तिच्याबद्दल आहेत.

पाटावरवंटा | १५ जून, सकाळी १०.२२

म्हणजे चटणी ताईंची, भांडे कंपनीचे आणि वाटपाचा हक्क कोणाचा हे न्यायालय सांगणार.

बजेटवाला | १५ जून, दुपारी १.३०

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. मुंबईत एका एजन्सीत मेटावरच्या जाहिरातींची खरेदी करतो. या प्रकरणातली कंपनी कोणती हे मला माहीत नाही, पण असे कसे घडते ते सांगतो. प्रत्येक वेळी त्यामागे लबाडी असतेच असे नाही.

ताईंशी बोलणारी एजन्सी निर्मात्यांशी करार करणारी असते. पैसे लावून जाहिरात चालवणारी बहुधा दुसरीच असते. माझ्याकडे येतो तो फक्त कोड आणि सोबत एक ओळ, "हा लाइव्ह करा". ३० दिवसांची बोली व्हॉट्सॲपच्या ज्या गटात झाली त्यात मी नसतो. माझ्या पडद्यावर त्या जाहिरातीचे नाव `Sangli_v3` असे काहीतरी असते. मग ती जाहिरात चालते. निर्मात्याच्या हँडलवरून आलेली जाहिरात लोकांना जाहिरातीसारखी वाटत नाही आणि जुन्या रीलवरच्या लाइक्स व कमेंट्सही तिच्याबरोबर दिसतात, त्यामुळे ती कंपनीच्या जाहिरातीपेक्षा स्वस्तात विक्री आणते. स्वस्तात विक्री आणणारी जाहिरात कोणी आपणहून बंद करत नाही. शिवाय ती बंद करून नवी लावली की नव्या जाहिरातीला स्थिरावायला वेळ लागतो आणि त्या काळात खर्च वाढतो. ज्याचे मासिक लक्ष्य ठरलेले आहे तो माणूस या दुखण्याला हात लावत नाही.

म्हणून माझी एक व्यवहारी सूचना आहे. जाहिरातीच्या संचाला शेवटची तारीख घालता येते. ती घातली की त्या दिवशी जाहिरात स्वतः थांबते, कोणाला लक्षात ठेवावे लागत नाही. निर्मात्याने कोड देताना "शेवटची तारीख घातल्याचा स्क्रीनशॉट पाठवा, मग कोड देते" असे म्हटले तर आम्हाला त्याला एक मिनिट लागते. वर्षभरात मला असे विचारणारे फक्त दोघे भेटले.

दुसरी सूचना म्हणजे शक्यतो एकाच पोस्टपुरता कोड द्यावा. काही एजन्सी संपूर्ण खात्यासाठी भागीदार म्हणून परवानगी मागतात. ती दिली की तुम्ही कधीही न टाकलेल्या व्हिडिओचीसुद्धा जाहिरात तुमच्या नावाने तयार करता येते आणि दरवेळी तुम्हाला विचारावे लागत नाही. जुन्या ओळखीच्या कंपनीला ती देणे समजू शकते, पहिल्याच कामात देऊ नये.

सईबाई | १५ जून, दुपारी २.१५

हे सगळे अठ्ठेचाळीस हजारवाल्यांसाठी ठीक आहे. माझे नऊ हजार आहेत. मी स्क्रीनशॉट मागितला तर एजन्सी पुढच्या मुलीकडे जाईल. आमच्यासारख्यांना करारात "परपेच्युअल, वर्ल्डवाइड, ऑल मीडिया", म्हणजे कायमचे, जगभर आणि सगळ्या माध्यमांत, असे छापलेले येते आणि खाली सही करायची असते.

घाटमाथा | १५ जून, दुपारी ३.००

सईबाई, तुमचे म्हणणे मी नाकारत नाही. माझे बारा हजार होते तेव्हा मीही तशीच सही केली होती आणि त्या बुटांच्या जाहिरातीत माझे पाय अजून चालत आहेत. तरी अनुभवाने एवढे सांगतो की "परपेच्युअल" खोडून टाका म्हटले की नकार येतो, पण त्याच जागी किंमत लिहिली की बोलणे सुरू होते. मी असे लिहितो : मानधनात ६० दिवस धरलेले आहेत, पुढच्या प्रत्येक महिन्याला मूळ मानधनाचा पाव भाग. बहुतेक जण ६० दिवसांवरच थांबतात, कारण पुढचे पैसे कोणाच्या अंदाजपत्रकात नसतात. पाव भाग हा काही बाजारभाव नाही, माझा दर आहे. कोणी कमी घेतात, कोणी जास्त.

लंडनचा_वाटाड्या | १५ जून, दुपारी ४.५०

येथे इंग्लंडमध्ये टिकटॉकवर हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने होते. तेथे जाहिरातीसाठी कोड देतानाच ॲप मुदत विचारते आणि मला ७, ३०, ६० किंवा ३६५ दिवस यांतून निवडावे लागते. मुदत संपली की कोड संपतो. भारतात २०२० च्या जूनपासून टिकटॉक बंद आहे, त्यामुळे ही सवय तिकडे रुजली नसावी. मात्र येथेही मूळ फाइल दिली तर कोडच्या मुदतीचा काही उपयोग होत नाही. माझी बहुतेक भांडणे फाइलवरून झाली आहेत, कोडवरून एकही नाही.

कृष्णाकाठची | १५ जून, रात्री ८.२०

सर्वांचे आभार. आज एजन्सीशी बोलले. त्यांचे म्हणणे असे की ३० दिवस "कॅम्पेनच्या सुरुवातीपासून" होते आणि फेब्रुवारीतली जाहिरात हे नवे कॅम्पेन आहे. ते शब्द व्हॉट्सॲपवर कुठेही नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती मला पैशांहून जास्त टोचते आहे. रीलमध्ये मी "पाच वर्षांची हमी आहे" असे म्हटले होते. तेव्हा ते खरे होते, मी पेटीवर वाचून म्हटले होते. आता विक्रीच्या पानावर हमी दोन वर्षांची लिहिली आहे. खाली कमेंटमध्ये एका काकांनी मला उद्देशून "खोटे का बोलता?" असे लिहिले आहे आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही.

बाररूम | १५ जून, रात्री ९.००

हे महत्त्वाचे आहे, आणि मुदतीचा प्रश्न केवळ पैशांचा का नाही हे यातून दिसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिची शिफारस करणाऱ्यालाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दंड करू शकते, पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत. शिफारस करणाऱ्याने दाव्याची योग्य ती शहानिशा केली असेल तर तो सुटतो. तुम्ही पेटी वाचली होती, ती शहानिशा झाली. पण सात महिन्यांनंतरही ते वाक्य तुमच्या तोंडून रोज ऐकू येत असेल, तर नोव्हेंबरमधली शहानिशा आजच्या जाहिरातीला पुरेल का, याचे ठाम उत्तर मी देणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. स्क्रीनशॉट झाले आहेत. आता कंपनीला ईमेलने कळवा की हमी बदलल्यामुळे दावा खरा राहिलेला नाही, मुदतही संपली आहे, म्हणून दोन दिवसांनी आपण परवानगी काढून घेत आहात. मग ती खरोखर काढून घ्या. मुदत चालू असताना कोड काढला तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो. संपल्यावर काढलात तर तो येणार नाही. काकांना मात्र आजच उत्तर द्या की हमी तेव्हा पाच वर्षांची होती आणि आता बदलली आहे.

बजेटवाला | १५ जून, रात्री ९.२५

ईमेलवर कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखालाही घ्या. एजन्सीला पाठवलेला निरोप एजन्सीतच राहतो. हमीचा मुद्दा वरच्या माणसाने वाचला की जाहिरात त्याच दिवशी बंद होईल, पैशांचे मग सावकाश बोलता येईल.

"कॅम्पेनची सुरुवात" या शब्दांबद्दल मात्र सगळ्यांना सावध करतो. आमच्या भाषेत कॅम्पेन ही एक पेटी आहे, ती दर सोमवारी नवी उघडता येते. मुदत कॅम्पेनपासून मोजू नका.

सईबाई | १५ जून, रात्री ९.५०

मग कशापासून मोजायची? रील टाकल्यापासून मोजली तर एजन्सी म्हणते, आमची जाहिरात तीन आठवड्यांनी सुरू झाली, आमचे दिवस वाया गेले.

घाटमाथा | १५ जून, रात्री १०.३०

त्यांची ती तक्रार खोटी नाही. पण पहिली जाहिरात लागेल त्या दिवसापासून मोजली तर फाइल सहा महिने दाबून ठेवून दिवाळीत काढता येते. मी दोन्ही टोके बांधतो. माझ्या करारातले वाक्य असे आहे :

"वापराची मुदत पहिली जाहिरात सुरू झाल्याच्या दिवसापासून ६० दिवस राहील, मात्र ती कोणत्याही परिस्थितीत रील प्रसिद्ध झाल्यापासून ९० दिवसांच्या पुढे जाणार नाही. काटछाट केलेल्या किंवा नव्याने जोडलेल्या आवृत्त्याही याच मुदतीत मोडतील. परवाना निर्मात्याच्या आणि कंपनीच्या मेटावरील खात्यांपुरता आहे. विक्रीची संकेतस्थळे, विक्रेते व छापील माध्यमे यांसाठी वेगळी लेखी संमती लागेल. मुदत संपल्यावर कंपनी सर्व सशुल्क जाहिराती बंद करील. स्वतःच्या पानावरील जुनी पोस्ट काढण्याचे बंधन नाही, पण ती पुन्हा प्रसिद्ध करता येणार नाही."

शेवटचे वाक्य मी मुद्दाम सैल ठेवले आहे. जुनी पोस्ट खाली कुठेतरी पडून राहिली तर माझे नुकसान होत नाही, आणि ती शोधून काढायला लावले की कंपनीचा वकील सगळ्याच कलमांवर अडून बसतो. आवृत्त्यांचे वाक्य मात्र कधी सोडत नाही. ताईंची फेब्रुवारीची जाहिरात नेमकी तेथूनच निसटली.

अर्धाशेर | १५ जून, रात्री १०.४५

एक वाक्य कमी पडते आहे. मुदत संपल्यावरही चालवली तर काय? ताईंच्या बाबतीत ३० दिवस लिहिलेले होतेच की.

घाटमाथा | १५ जून, रात्री ११.०५

बरोबर बोललात. पुढच्या महिन्याचा पाव भाग लिहिलेला असतोच, त्याला जोडून "लेखी वाढ न घेता चालवल्यास त्याच्या दुप्पट" असे घालतो. ते वसूल करायची वेळ माझ्यावर आलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कितपत टिकते ते सांगू शकत नाही.

बाररूम | १५ जून, रात्री ११.२०

दुप्पट ही रक्कम वाजवी नुकसानभरपाई वाटली पाहिजे, शिक्षा वाटू नये. दहापट लिहाल तर न्यायालय ती कमी करील.

मांडवीकर | १६ जून, सकाळी ८.००

काल रात्री त्या पाहुण्याला निरोप पाठवला आणि त्याने एका वर्षासाठी लेखी होकार दिला. मोबदल्यात एक रात्र फुकट मागितली आहे. पावसाळ्यातली दिली तर चालेल का, असे विचारले आहे.

कृष्णाकाठची | २७ जून, संध्याकाळी ६.४०

उशिरा लिहिते आहे, पण तुम्ही सर्वांनी वेळ दिलात म्हणून काय झाले ते सांगते.

ईमेल मार्केटिंग प्रमुखांना गेली आणि जोडनावाची जाहिरात चार तासांत थांबली. पंधरा सेकंदांची जाहिरात दुसऱ्या दिवशी बंद झाली. मीही १८ तारखेला कोड काढून घेतला.

पैशांचा हिशोब मी असा मांडला. जाहिरात १५ नोव्हेंबरला सुरू झाली असे त्यांच्या बाजूने धरले तरी ३० दिवस १५ डिसेंबरला संपतात. तेथून १५ जूनपर्यंत सहा महिने होतात. घाटमाथा यांच्या पद्धतीने २४,००० चा पाव भाग म्हणजे महिन्याला ६,०००, म्हणून ३६,००० रुपये मागितले. पाव भाग आमच्यात ठरलेला नव्हता, हे त्यांनी लगेच दाखवून दिले आणि त्यात त्यांची चूक नव्हती. शेवटी चार महिन्यांचे २४,००० देण्याचे ठरले. फेब्रुवारीच्या जाहिरातीसाठी वेगळे काही मिळाले नाही. जीएसटीच्या बिलावर "वाढीव वापर, १५ डिसेंबर ते १५ जून, केवळ हँडलवरील जाहिरात" असे लिहून घेतले आहे, म्हणजे या पैशांत फाइलची परवानगीही आली असे उद्या कोणी म्हणू नये.

विक्रीच्या संकेतस्थळावरचा व्हिडिओ मात्र अजून तेथेच आहे. कंपनी म्हणते, ते पान विक्रेता सांभाळतो. विक्रेता म्हणतो, व्हिडिओ कंपनीने पाठवला. बाररूम, यासाठी नोटीस कोणाला पाठवावी?

बाररूम | २७ जून, रात्री ८.१५

दोघांनाही पाठवा, आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही प्रत द्या. मात्र कलम १७ चा मुद्दा कंपनी तेथे काढील याची तयारी ठेवा. एजन्सीचा "बूस्टसाठी" हा निरोप आणि ब्रीफचे सगळे निरोप मला व्यक्तिगत संदेशातून पाठवा, ते वाचल्याशिवाय मसुदा करणार नाही.

पाटावरवंटा | २७ जून, रात्री ८.३०

ताई, एक खाजगी चौकशी. मिक्सर चांगला आहे का? आमचा कालच जळला.

कृष्णाकाठची | २७ जून, रात्री ८.५२

चटणी बारीक होते, पण ओले खोबरे वाटताना गरम होतो. आणि हमी दोन वर्षांची आहे.